आवाज चढण्याआधीचे चार दिवस : जोडीदाराचा ताण ओळखताना या चुका टाळा

जळगाव जिल्ह्यात कुटुंब समुपदेशनाचे काम करताना माझ्यासमोर येणारी बहुतेक जोडपी भांडणाची हकिकत भांडणापासूनच सुरू करतात. भाजीत मीठ जास्त पडले, वीजबिल भरायचे राहिले आणि एकदम भडका उडाला, असे ती सांगतात. त्यातला ‘एकदम’ हा शब्द मी कधीच जसाच्या तसा स्वीकारत नाही, कारण मागे जाऊन पाहिले की जवळजवळ प्रत्येक वेळी दोन-चार दिवस आधीपासूनच्या खुणा सापडतात. त्या कोणी पाहिलेल्याच नसतात, किंवा पाहूनही त्यांचा अर्थ चुकीचा लावलेला असतो.

रावेर तालुक्यातील एका जोडप्याचे उदाहरण त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे देते. पती केळी उत्पादक, पत्नी घरी शिवणकाम करणारी, दोन मुली आणि सासूबाई असे हे घर. जून महिना होता आणि मागल्या वर्षी मृगाला लावलेली बाग कापणीला आली होती. केळीच्या कापणीत थांबायला वाव नसतो. घड तयार झाले की व्यापाऱ्याची टोळी वेळेवर यावी लागते, भाव रोज बदलतो, आणि वादळी वारा सुटला तर घडांनी लगडलेली झाडे एका रात्रीत आडवी होतात. सोमवारी टोळी आली नाही, मंगळवारीही आली नाही, बुधवारी भाव उतरला. गुरुवारी रात्री धाकटीच्या हातून पाण्याचा तांब्या सांडला आणि वडील तिच्यावर असे ओरडले की ती पोर आजीच्या खोलीत जाऊन झोपली. पत्नीच्या मते ते ‘एकदम’ झाले होते.

मी दोघांना एक सोपे काम दिले. गुरुवारच्या रात्रीपासून सुरुवात करून उलट सोमवारपर्यंत जायचे आणि पती घरी आल्यावर काय काय घडले ते दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहायचे, मात्र ‘चिडचिड’, ‘राग’ असे शब्द न वापरता, फक्त डोळ्यांना दिसलेले आणि कानांनी ऐकलेले. एरवी ते मोटारसायकल ओट्याला लावून घेत, किल्ली खिळ्याला अडकवत, हातपाय धुऊन धाकटीला शाळेचे काहीतरी विचारत. सोमवारी गाडी रस्त्यावरच राहिली. मंगळवारी किल्ली जेवण होईपर्यंत मुठीत होती आणि कोणत्याही प्रश्नाला ‘हाव’ किंवा ‘पाहू’ याच्या पलीकडे उत्तर नव्हते. बुधवारी ते ताटावर बसूनही फोनवरचा भाव पुन्हा पुन्हा पाहत होते आणि अर्धी भाकरी ताटात राहिली. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर पत्नीलाच आश्चर्य वाटले, कारण हे सगळे तिला दिसले होते, फक्त त्याला तिने ताणाची खूण म्हटले नव्हते.

पहिली चूक येथेच होते. आपण आवाज चढण्याची वाट पाहतो, आणि चढलेला आवाज ही शेवटची खूण असते. सुरुवातीच्या खुणा बहुतेक वेळा कमी होण्याच्या असतात. बोलणे कमी होते, विचारपूस कमी होते, खाणे कमी होते. त्यामुळे कोणत्या माणसाला काय होते याची ठरावीक यादी पाठ करून उपयोग नाही, या माणसाची रोजची सवय कोणती आणि ती कोठे मोडली हे पाहायचे असते. मुळात अबोल असलेल्या माणसाची शांतता काहीच सांगत नाही, पण रोज गाडी आत घेणाऱ्याने ती बाहेर ठेवली तर ते पुष्कळ सांगते. सवय एक दिवस मोडली तर मी तिकडे फारसे लक्ष देऊ नका असे सांगते. सलग दोन दिवस मोडली तर मात्र दखल घ्यावी.

आपल्याकडे त्याआधी आणखी एक तपासणी करावी लागते. मे-जूनच्या उन्हात दिवसभर शेतात राहिलेला माणूस पाणी कमी पडल्यामुळे आणि भुकेमुळेही तिरसट होतो, त्याचे डोके दुखते आणि बोलणे तुटक होते. पाणी, थोडे खाणे आणि अर्धा तास सावलीतली विश्रांती एवढ्याने तो पूर्ववत झाला तर तो उन्हाचा परिणाम होता, आणि त्यावर मनाची चर्चा करण्याचे कारण नाही.

दुसरी चूक जास्त प्रेमळ असते आणि म्हणूनच जास्त नुकसान करते. बुधवारी पत्नीला काहीतरी बिनसल्याचे जाणवले होते. तिने दारातच विचारले, “काय झालं?” उत्तर आले, “काही नही.” तिने हात धुताना पुन्हा विचारले, ताट वाढताना तिसऱ्यांदा विचारले, आणि शेवटी म्हणाली, “माझ्यावर राग आहे का?” येथे तिने दोन गोष्टी केल्या. केळीच्या भावाचा ताण तिने स्वतःवर ओढून घेतला, आणि आधीच थकलेल्या माणसावर तिची समजूत काढण्याचे नवे काम टाकले.

घरी आल्यावरची ही शांतता नेहमी दुरावा नसते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रेना रेपेटी यांनी विमान वाहतूक नियंत्रकांवर केलेला एक अभ्यास 1989 साली प्रसिद्ध झाला. कामाचा बोजा जास्त असलेल्या दिवशी ही माणसे घरी कमी बोलत होती. जेथे पत्नी त्यांना आधार देत होती तेथे हे गप्प राहणे अधिक दिसले आणि राग कमी व्यक्त झाला, असे त्यात आढळले. म्हणजे ते गप्प राहणे म्हणजे तापलेले मन निवण्याची वाट असू शकते, आणि ती वाट प्रश्नांनी अडवली की आत साठलेले तोंडावाटे बाहेर पडते.

म्हणून या घरासाठी आम्ही पहिला अर्धा तास मोकळा ठेवायचे ठरवले. खूण दिसली की त्या अर्ध्या तासात प्रश्न विचारायचा नाही आणि निर्णय मागणारी कोणतीही बातमी सांगायची नाही. सोसायटीच्या हप्त्याची नोटीस असो वा लग्नाचे आमंत्रण, ते जेवणानंतर. पाणी द्यावे, मुलींना आजीकडे पाठवावे आणि आपले काम करत राहावे. मात्र हा अबोला वाटू नये, म्हणून जवळून जाताना नेहमीच्या स्वरात एखादे साधे वाक्य बोलावे. त्यानंतर फक्त एकदा, जे दिसले ते सांगून वाट मोकळी करून द्यावी. पत्नीने स्वतःच्या शब्दांत वाक्य तयार केले ते असे : “दोन दिवस झाले, गाडी बाहेरच राहतेय. तुमच्या डोक्यात कापणीचं चाललेलं दिसतंय. आता बोलायचं की जेवल्यावर?” यात आरोप नाही आणि ‘काय झालं’ असा उघडा प्रश्नही नाही, फक्त वेळ निवडायची आहे. ‘नंतर’ असे उत्तर आले तर ते उत्तर मानावे आणि पुन्हा विचारू नये.

बोलणे सुरू झाले की सल्ला देण्याची घाई होते. “दुसरा व्यापारी पाहा ना,” हे वाक्य व्यवहारात बरोबर असेल, पण दोन दिवस सहा व्यापाऱ्यांना फोन लावून बसलेल्या माणसाला त्यात ‘तुम्हाला एवढेही सुचले नाही का’ असे ऐकू येते. “नुसतं ऐकू की काही सुचवू?” हे आधी विचारून घेतले की ही अडचण बव्हंशी टळते.

मदतीच्या बाबतीत एक चूक मला फार उशिरा समजली. आपण जोडीदाराचे काम हलके करतो आणि ते सांगूनही टाकतो : “तुम्ही दमलात म्हणून मीच आज गुरांचं पाहिलं हो.” नायल बोल्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या वकिली परीक्षेची तयारी करणाऱ्यांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या रोजच्या नोंदी अभ्यासल्या, तो अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. जोडीदाराने दिलेली, पण घेणाऱ्याच्या लक्षात न आलेली मदत मनाला सर्वांत जास्त उपयोगी पडत होती. लक्षात आलेली मदत कधीकधी आपण कमी पडलो ही जाणीव वाढवते. त्यामुळे वीजबिल भरून टाकावे, ठिबकच्या फिल्टरची जाळी धुऊन ठेवावी, आणि विषय निघेपर्यंत त्याबद्दल बोलू नये. निर्णयाच्या गोष्टी मात्र गुपचूप परस्पर करू नयेत. व्यापाऱ्याला परस्पर फोन करणे ही मदत होत नाही.

आतापर्यंत पत्नीने पतीचे पाहिले. उलट दिशेने पाहणे अवघड जाते, कारण घरातल्या बाईचे काम ताणातही थांबत नाही, उलट त्याचा वेग वाढतो. या पत्नीच्या खुणा पतीला विचारल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला. मोठ्या मुलीने सांगितले की आई चिडण्याआधी भांडी जोरात ठेवते आणि प्रत्येक कामाला “राहू द्या, मी करते” म्हणते. सणाच्या आधी, कपडे शिवून देण्याची घाई असताना, रोट मांडायच्या तयारीत कानबाईच्या आदल्या दिवशी हे हमखास होत असे. पती ‘मी करते’ हा होकार समजून बाजूला होत होता. ते वाक्य दिवसात तिसऱ्यांदा ऐकू आले की काही न विचारता एक काम पूर्ण हातात घ्यायचे, असे त्याने ठरवले. पूर्ण म्हणजे दळण आणायचे असेल तर डबा कोणता आणि किती दळायचे हे तिला विचारत न बसता.

खूण हुकली आणि आवाज चढलाच, तर त्या क्षणी समजावत बसू नये. जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या वादांचा अभ्यास करताना दाखवले की हृदयाचे ठोके मिनिटाला 100 च्या वर गेले की माणसाला समोरच्याचे नीट ऐकताच येत नाही, आणि शरीर निवायला किमान 20 मिनिटे लागतात. उठून जाताना “अर्ध्या तासाने येतो, मग बोलू” असे सांगून जावे, नाहीतर उठून जाणे हाच नवा घाव होतो. आणि त्या वेळात मनात उत्तरे जुळवत बसू नये, कारण त्याने ठोके खाली येत नाहीत.

या सगळ्याला मर्यादा आहेत. जोडीदारावर सतत पहारा ठेवल्यासारखे वागले तर तोच ताण होतो. खुणा दोन किंवा तीनच ठरवाव्यात आणि त्या दोघांनाही माहीत असाव्यात. झोप, भूक आणि कामातले मन दोन आठवडे बिघडलेलेच राहिले, किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलणे कानावर आले, तर तो घरच्या घरी हाताळण्याचा विषय नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या विनाशुल्क क्रमांकावर मराठीत बोलता येते. आणि हात उगारला जात असेल, किंवा जोडीदाराची पावले ऐकून भीती वाटत असेल, तर खुणा ओळखून त्याला शांत ठेवण्याची जबाबदारी तुमची नाही. तेथे 181 या महिला हेल्पलाइनची मदत घ्यावी.

पुढच्या कापणीत या घरी टोळी पुन्हा तीन दिवस उशिरा आली. दुसऱ्या संध्याकाळी गाडी रस्त्यावर राहिली तेव्हा पत्नीने शिवणयंत्र बंद केले नाही, फक्त धाकटीला आजीकडे पाठवले. जेवण झाल्यावर पतीनेच ओट्यावर बसून भावाचा विषय काढला. भाव त्याही वर्षी कमीच मिळाला, पण धाकटी त्या रात्री आपल्याच अंथरुणावर झोपली.