स्वतःच्याच गाण्यावर कॉपीराइट क्लेम आला? या चुका टाळा

यूट्यूबवर क्लेम आला की लोक पहिल्यांदा व्हिडिओ डिलीट करून परत टाकतात. अरे, कंटेंट आयडी ही यूट्यूबची आपोआप जुळणी शोधणारी यंत्रणा आवाज ओळखते, त्यामुळे तोच क्लेम परत येतो आणि व्ह्यूज गेले ते गेलेच. आणि क्लेम म्हणजे स्ट्राइक नाही, चॅनेलला लगेच काही होत नाही, आधी एवढं डोक्यात घ्या.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती क्लेम न वाचताच डिस्प्यूट ठोकणाऱ्यांची. माझ्या एका मित्राने चाल स्वतः बांधली, गायलाही स्वतः, फक्त ठेक्यासाठी एका लायब्ररीतला रॉयल्टी-फ्री लूप विकत घेऊन वापरला. क्लेम आला, याने रागारागात 'Original content' निवडून "सगळं माझं आहे, चोर तुम्ही आहात" असं लिहून पाठवलं आणि डिस्प्यूट रिजेक्ट. मग आम्ही बसून क्लेमची टाइमस्टॅम्प बघितली तर तो फक्त 0:38 ते 1:04 एवढ्यावरच होता, म्हणजे जिथे आवाज थांबतो आणि नुसता लूप वाजतो तिथे. समोरच्याने तोच लूप घेऊन गाणं केलेलं आणि ते कंटेंट आयडीत टाकलेलं. खरं तर जे तुमच्या एकट्याच्या मालकीचं नाही ते तिथे रेफरन्स म्हणून टाकायला परवानगीच नाही, भांडायचा मुद्दा हाच होता! अपील करताना पॅकचं नाव, लूपच्या फाइलचं नाव, लायसन्सची तारीख आणि "हा लूप नॉन-एक्सक्लुझिव्ह आहे, क्लेम फक्त त्याच भागावर आहे" एवढंच चार ओळीत लिहिलं, क्लेम सुटला. असं असेल तर कारण 'License' निवडायचं, 'Original content' नाही.

पुरावा ऐनवेळी शोधू नका. मी गाणं संपलं की त्याच दिवशी मूळ प्रोजेक्ट फाइल, स्टेम्स म्हणजे आवाज-वाद्यांचे वेगवेगळे ट्रॅक, फोनवरचं पहिलं गुणगुणलेलं रेकॉर्डिंग आणि लूपची पावती एका फोल्डरमध्ये टाकून क्लाउडवर चढवतो, कारण फाइल उघडून परत सेव्ह केली की मॉडिफाइड तारीख बदलते आणि अपलोडची तारीख मात्र तशीच राहते. स्टेम्स तर ठेवाच, नुसती तयार एमपीथ्री कोणाकडेही असते.

कधीकधी क्लेम तुमच्याच डिस्ट्रिब्युटरने लावलेला असतो, नाव नीट बघा, त्यांना मेल करून चॅनेल अलाउलिस्ट करून घ्या, म्हणजे तुमच्या चॅनेलवर ते क्लेम लावणार नाहीत.

आणि घाई. समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस असतात, तो गप्प राहिला तर क्लेम आपोआप उडतो. त्यात रोज मेल पाठवून काहीच होत नाही. घाई करायचीच तर डिस्प्यूट टाकायला करा, क्लेम आल्यापासून 5 दिवसांच्या आत टाकला तर पहिल्या दिवसापासूनची कमाई बाजूला ठेवली जाते, उशीर केला तर डिस्प्यूटच्या तारखेपासूनचीच. डिस्प्यूट रिजेक्ट झाल्यावर अपील केलं की समोरच्याला 7 दिवस मिळतात, पण तिथे तो टेकडाउन म्हणजे व्हिडिओ काढून टाकायची मागणी टाकू शकतो आणि तो मान्य झाला तर स्ट्राइक येतो, म्हणून कागद हातात नसताना अपीलच्या बटणाला हात लावू नका.