व्हिज्युअलायझरवर पान चकाकतंय? आधी टेबल हलवा, मग बटणं दाबा

तासगावकडच्या एका हायस्कूलमधल्या वर्गाचं उदाहरण घेऊन सांगतो. विज्ञानाच्या बाई व्हिज्युअलायझरखाली, म्हणजे टेबलावरचं पान पडद्यावर दाखवणाऱ्या स्टँडच्या कॅमेऱ्याखाली, लॅमिनेट केलेला तक्ता ठेवायच्या आणि पडद्यावर बरोबर मधोमध पांढरा पट्टा यायचा, अक्षरं गायब. सगळे म्हणायचे कॅमेराच हलका आलाय. कॅमेरा ठीक होता, टेबल ट्यूबलाइटच्या खाली होतं एवढंच. म्हणून क्रम असा ठेवा: आधी स्टँड, मग उजेड आणि सगळ्यात शेवटी फोकस. लोक नेमकं उलटं करतात, फोकसचं बटण दाबत बसतात.

स्टँड

स्टँड पानाच्या पलीकडे ठेवा, म्हणजे तुमच्या समोरच्या बाजूला, आणि तुमचा हात अलीकडून येऊ दे. चित्र पडद्यावर उलटं दिसलं तर रोटेटचं बटण असतं, ते दाबायचं, त्यासाठी स्टँड फिरवू नका. ए-फोर पान पूर्ण मावेल आणि कडेला दोन बोटं जागा उरेल इतकी उंची घ्या, बहुतेक मशीनला ती पानापासून साधारण 40 सेंटीमीटर येते. पान आडवं ठेवलं तर रुंद पडदा नीट भरतो.

आता कॅमेरा खरंच सरळ खाली बघतोय का ते तपासा. चौकटीच्या वहीचं पान ठेवा आणि पडद्याकडे बघा, वरची चौकट खालच्यापेक्षा अरुंद दिसत असेल तर डोकं तिरकं आहे. हे आत्ताच सरळ करून घ्या, नाहीतर पुढे पानाची एक बाजू स्पष्ट आणि दुसरी धूसर दिसते आणि लोक फोकसला शिव्या घालतात.

लिहिताना चित्र थरथरतं का? मग स्टँड आणि पान एकाच डुगडुगणाऱ्या टेबलावर आहे. स्टँड शेजारच्या बाकावर घ्या, बाक टेबलाला चिकटवू नका, बोटभर फट ठेवा. भूमितीची रचना दाखवताना तर हे पाहिजेच, कारण कंपास फिरवताना हाताचा जोर पडतो.

चकाकी

चकाकी कुठून येते हे शोधायला आरसा लागतो, आणि तो तुमच्या खिशात आहे. मोबाइलचा स्क्रीन बंद करा, पान ठेवायच्या जागी मोबाइल पालथा नाही, उताणा ठेवा, आणि पडद्यावर बघत तो हळूहळू सगळ्या जागेवरून सरकवा. काळ्या काचेत जे काही उजळ दिसेल, ट्यूब, खिडकी, मशीनचाच एलईडी, तेच तुमच्या चकाकीचं मूळ. त्या तासगावच्या वर्गात मोबाइलमध्ये ट्यूबची अख्खी पट्टी दिसली, शंकाच राहिली नाही.

आता टेबल किती सरकवायचं? उजेड ज्या कोनात पानावर येतो त्याच कोनात दुसऱ्या बाजूला परततो, एवढ्यावरून हिशोब होतो. कॅमेरा पानापासून 40 सेंटीमीटर वर, पानाची लांबची कड मध्यापासून 15 सेंटीमीटरवर, आणि ट्यूब टेबलापासून 220 सेंटीमीटर वर. 40 उंचीला 15 बाजूला, तर 220 उंचीला 82 बाजूला. म्हणजे कडेवरून परतणारी रेष ट्यूबच्या उंचीला पोचेपर्यंत कॅमेऱ्याच्या सरळ वरच्या जागेपासून 15 अधिक 82 असं जवळजवळ 1 मीटर बाजूला जाते. याचा अर्थ त्या 1 मीटरच्या आत असलेली कुठलीही ट्यूब पानात दिसणारच, तुम्ही कुठलंही बटण दाबा. टेबल सव्वा मीटर बाजूला घेतलं आणि पट्टा गेला. पानाच्या आखूड बाजूच्या दिशेला सरकवायला जागा असेल तर आणखी कमी सरकवून भागतं. कॅमेरा वर नेऊन झूम केला तरी हा घेर लहान होतो, म्हणून उंच दांड्याचं मशीन मिळत असेल तर तेच घ्यावं असं माझं मत आहे.

टेबल हलवायला जागाच नाही? ती एक ट्यूब बंद करा, तसंही प्रोजेक्टरसाठी पुढचा उजेड कमीच बरा. पण मग पान अंधारात जातं, आणि कॅमेरा ओढूनताणून चित्र उजळ करतो तेव्हा त्यात बारीक दाणे दिसायला लागतात. उपाय म्हणजे साधा टेबल लॅम्प, पानाच्या मध्यापासून 60 सेंटीमीटर बाजूला आणि जेमतेम 35 सेंटीमीटर उंच. तो उंच करून पानाजवळ आणला की परत चकाकतो, म्हणून लांब आणि बुटकाच ठेवा. उजव्या हाताने लिहीत असाल तर लॅम्प डावीकडे, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. दुसरी बाजू काळोखी वाटली तर तिकडे पानापासून फूटभर लांब थर्माकोलची पांढरी शीट उभी करा, उजेड परत येतो. मशीनचा स्वतःचा एलईडी गुळगुळीत कागदाला बंदच बरा.

दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून थेट ऊन टेबलावर येत असेल तर वरचं काहीच चालत नाही, पडदा लावा किंवा टेबल भिंतीकडे न्या.

एक वेगळा प्रकार आहे, चित्रावरून काळपट पट्टे सरकत राहतात. ती चकाकी नाही. आपली वीज 50 हर्ट्झची आणि कॅमेरा 60 वर लावलेला, त्यामुळे असं होतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये `PowerLine Frequency` असतं, तिथे `50 Hz` करा.

फोकस

चित्र धूसर असेल तर आधी पडद्यावरचा माउसचा बाण बघा. तोही धूसर असेल तर दोष प्रोजेक्टरच्या भिंगाचा, त्याची कडी फिरवा. बाण स्पष्ट आणि पान धूसर, तेव्हाच कॅमेऱ्याकडे वळा.

ऑटोफोकसला काहीतरी गडद-फिकट कड लागते. कोऱ्या पानावर त्याला धरायला काही नसतं म्हणून तो पुढेमागे करत राहतो, आणि हात मध्ये आला की हातावर जातो, पान धूसर. म्हणून छापील पान ठेवायचं, फोकसचं बटण एकदा दाबायचं, अक्षरं स्पष्ट झाली की ऑटो बंद करून फोकस लॉक करायचा आणि मगच कोरा कागद ठेवून लिहायला लागायचं. फोन स्टँडवर लावून वापरत असाल तर बऱ्याच फोनमध्ये स्क्रीनवर बोट दाबून धरलं की लॉक होतं. जाड पुस्तकाचं पान टेबलापासून दोन-तीन सेंटीमीटर वर असतं, त्यामुळे वहीवरून पुस्तकावर गेलात की परत एकदा फोकस घ्या.

कागदाखाली वह्यांना घालतो तो खाकी कागद अंथरा. काळ्या टेबलावर कॅमेरा चित्र वाजवीपेक्षा उजळ करतो आणि पेन्सिलची रेघ उडते, खाकीवर तसं होत नाही, शिवाय तो चकाकतही नाही.

बाईंना शेवटी द्राक्षाचं पान दाखवायचं होतं, डाऊनी रोग पडलेलं. या रोगाची खूण म्हणजे वरून तेलकट पिवळे डाग आणि खालून पांढरी बुरशी. पान वाकडं असतं, मधली शीर वर आणि कडा खाली, म्हणून सगळं एकदम फोकसमध्ये येत नाही. त्यावर काच ठेवू नका, चकाकी दुप्पट. देठ आणि टोक चिकटपट्टीने खाकी कागदावर सपाट बसवा, कॅमेरा जवळ न आणता वरच ठेवून झूम करा, मग डागावर फोकस घ्या. खालची बाजू दाखवायची तर लॅम्प अजून खाली आणा, टेबलाच्या जवळजवळ समांतर, तिरक्या उजेडात बुरशीचा कापूस उठून दिसतो.