छपऱ्याकडे मुक्कामाला जाण्याआधी: भिंत, खाट आणि तापाचा कागद

बिहारमधल्या सारण जिल्ह्यातल्या पाइपलाइनच्या कामावर ठाण्याहून पुढची तुकडी निघते आहे. हेल्मेट, बूट, आधारकार्डाची झेरॉक्स हे ऑफिसच्या यादीत आहेच. ही यादी राहण्याच्या खोलीची. साइट छपऱ्यापासून आत, गावात लॉज नाही, त्यामुळे कुणाच्या तरी मातीच्या घरातली एक खोली भाड्याने घ्यावी लागते. आणि हा पट्टा काला आजाराचा आहे, म्हणजे माशी चावल्याने होणाऱ्या, आठवडेच्या आठवडे न हटणाऱ्या तापाच्या आजाराचा. २०२३ च्या अखेरीस देशातल्या सगळ्या बाधित प्रखंडांत, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्यांसारख्या भागांत, दहा हजार माणसांमागे वर्षाला एकापेक्षा कमी रुग्ण, इथवर मजल गेली. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि उरलेले रुग्ण ठरावीक गावांत, ठरावीक टोल्यांत, म्हणजे गावातल्या वस्त्यांत सापडतात.

म्हणून खोली ठरवण्याआधी गावच्या आशाताईंना एक फोन करा आणि विचारा, गेल्या तीन वर्षांत या टोल्यात काला आजाराचा रुग्ण निघाला होता का? भाड्याच्या चौकशीपेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा. हा आजार पसरवते ती बालूमक्खी, म्हणजे सँडफ्लाय. चांदीपुराच्या बातम्यांत हे नाव तुम्ही ऐकलं असेल. सँडफ्लाय आपल्या महाराष्ट्रातही आहेत. पण माशी नुसती असून भागत नाही. आपल्या देशात काला आजाराचा परजीवी माणसातून माशीत आणि माशीतून माणसात जातो, गुराढोरांत तो साठून राहत नाही. त्यामुळे रुग्ण कुठे आहेत ते आधी बघायचं. आजारातून बरे झालेल्या काहींच्या अंगावर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी फिकट चट्टे आणि गाठी उठतात. दुखत नाही, ताप नाही, म्हणून ते दवाखान्यात जात नाहीत, पण माशी त्यांच्या कातडीतून परजीवी उचलू शकते. असं कुणी दिसलं तर आशाताईंच्या कानावर घाला, त्याचे उपचार आहेत. त्या माणसाजवळ बसल्याने, हात मिळवल्याने काही होत नाही. उगाच तोंड फिरवू नका.

खोली बघायला जाताना टॉर्च न्या आणि दिवसाच जा. माशी डासाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढी, दोन-तीन मिलिमीटरची, केसाळ, मातकट रंगाची. बसली की पंख वर उचलून धरते आणि हुसकावली तर टुणकन उडी मारून जवळच बसते. गुणगुणत नाही, त्यामुळे रात्री कानाला काही कळत नाही. दिवसा ती अंधाऱ्या, दमट जागी दडते: भिंतीच्या भेगा, खुंटीला टांगलेल्या कपड्यांच्या मागची बाजू, धान्याच्या कणगीमागचा कोपरा. अंडी मात्र पाण्यात नाही, ओलसर मातीत घालते, जिथे शेणाचा, पाल्याचा कुजका अंश असतो. भेगेच्या तळाशी, भिंत आणि जमीन मिळते त्या सांध्यात, गोठ्याच्या ओल्या जमिनीत. अळ्या डोळ्यांनी शोधायच्या भानगडीत पडू नका, त्या जाणकारांनाही मुश्किलीने सापडतात. डासांसारखं पाणी ओतून टाकलं की संपलं, असं इथे चालत नाही. म्हणून गोठ्याला लागून असलेली खोली भाडं कमी असलं तरी नको. ओली भिंत आणि शेजारी गुरं असली की माशीची सोय झालीच.

आता भिंतीकडे. सरकारी फवारणीचं पथक साधारण वर्षातून दोनदा येतं, एकदा उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि एकदा पावसाळ्यात. औषध अल्फासायपरमेथ्रिन, घराच्या आतून आणि गोठ्यातही. माशी सहसा उंच उडत नाही म्हणून भिंतीच्या खालच्या सहा फुटांवर भर असतो. दाराशेजारी फवारणीची तारीख लिहिलेली असते, ती वाचा. औषधाचा जोर साधारण तीन महिने टिकतो. पण तारीख ताजी दिसली म्हणून लगेच हो म्हणू नका. समजा तुम्ही छठपूजेच्या सुमाराला पोचलात आणि दाराशेजारी ऑगस्टची तारीख आहे. हिशोबाने अजून थोडा जोर उरायला हवा. पण सणाआधी घरधनीण सगळ्या भिंती माती-शेणाने लिंपून काढते, आणि औषध त्या नव्या थराखाली गाडलं जातं. माशी येऊन बसते ती वरच्या कोऱ्या मातीवर. भिंतीला हात लावा: एकसारखी गुळगुळीत आणि बोटांचे ताजे फराटे असतील, तर ती फवारणी झालीच नाही असं धरून चाला.

अशा वेळी क्रम असा ठेवा. घरमालकाला विश्वासात घ्या, भेगांतली सुटी माती खरवडून काढा, भेग ओली करा आणि भुसा मिसळलेली चिकणमाती बोटाने आतपर्यंत दाबून भरा. चुना मिळाला तर मातीत मिसळा. भिंत दोन्ही अंगांनी बघा, आणि खालचा सांधा विसरू नका. लोक नजरेसमोरची भेग भरतात आणि पायाशी असलेली सोडतात. हे वाळलं की मगच प्राथमिक आरोग्य केंद्रात फवारणीची विनंती करा. उलट केलंत तर पुन्हा तेच, औषध मातीखाली. फवारणी नुकतीच झाली असेल आणि लिंपण झालं नसेल, तर फक्त भेगा बुजवा, भिंतीच्या बाकी अंगाला तीन महिने हात लावू नका.

झोपायला खाट, जमिनीवर गादी नाही, आणि खाट भिंतीपासून हातभर लांब. घरची मोठ्या जाळीची मच्छरदाणी इथे निरुपयोगी, माशी तिच्या भोकातून आरामात आत येते. बारीक जाळीची, औषध लावलेली घ्या. तीही घ्या, पण तिच्यावर विसंबू नका. भारत आणि नेपाळमधल्या गावांत औषधी मच्छरदाण्या वाटून मोठा अभ्यास झाला, तेव्हा काला आजार कमी झाल्याचं दिसलं नाही. माझ्या मते टेबलफॅन जास्त कामाचा, कारण ही माशी वाऱ्यात टिकत नाही. पण वीज रात्रभर असेलच असं नाही. दिवेलागणीनंतर पूर्ण बाह्या, फुल पँट, उघड्या अंगाला डासांचं मलम.

शेवटचं काम परतल्यानंतरचं, आणि मुलं नेमकं तेच करत नाहीत. गावाचं नाव, जिल्हा, राहिल्याच्या तारखा एका कागदावर लिहून कागद घरी फाइलला लावा. चावल्यापासून ताप यायला बहुतेकदा दोन ते सहा महिने लागतात, कधी वर्षही उलटतं. तोवर तुम्ही कळव्यात किंवा ऐरोलीत घरी असता, बिहार विसरलेला असतो. डॉक्टर मलेरिया तपासतील, टायफॉइडची औषधं देतील, मग टीबीची शंका घेतील. ठाण्यात बसून काला आजार त्यांना सुचावा तरी कसा? ताप दोन आठवडे हटत नाही, वजन उतरतंय, डाव्या बरगडीखाली जड वाटतंय आणि रक्ताच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट तिन्ही खाली, असं असेल तर तो कागद पुढे करा आणि आरके-३९ चाचणीबद्दल विचारा. बोटाच्या थेंबभर रक्तावर होते, उत्तर काही मिनिटांत. निदान झालं तर लायपोसोमल अँफोटेरिसिनचा वजनाप्रमाणे एकच डोस शिरेतून देतात. सरकारी कार्यक्रमात तो मोफत आहे. ज्याला हा आजार आधी होऊन गेलाय त्याने मात्र ते डॉक्टरांना आधीच सांगावं. बरं झाल्यावरही ही चाचणी पुढे बराच काळ पॉझिटिव्ह येत राहते, आणि आजार उलटलाय का हे तिच्यावरून ठरत नाही. त्याला अस्थिमज्जेचा किंवा प्लीहेचा नमुना लागतो.