परिषदेसाठी गोषवारा आणि परिचय कसा पाठवावा

परिषदेत बोलायची इच्छा कळवताना संयोजक बहुधा शीर्षक, दीडशे-दोनशे शब्दांचा गोषवारा आणि चार ओळींचा परिचय मागतात. निवड समिती तुम्हाला ओळखत नसते, त्यामुळे जे काही ठरतं ते या एका पानावर.

बडोद्यात ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीला बडोदा संस्थानातल्या फिरत्या ग्रंथालयांवर बोलायचं होतं. तिच्या कच्च्या गोषवाऱ्याचं पहिलं वाक्य होतं, ‘महाराजा सयाजीराव हे द्रष्टे राज्यकर्ते होते.’ हे खरंच आहे, पण समितीला ते ठाऊक असतं. त्यापुढे निम्मा मजकूर सक्तीच्या शिक्षणावर होता आणि ती स्वतः काय सांगणार ते शेवटच्या ओळीत दडलं होतं.

आम्ही ती शेवटची ओळ वर आणली: ‘१९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन बडोद्यात आले आणि संस्थानात ग्रंथालयांची घडी बसू लागली. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या जात. अहवालात पुस्तकं दिल्याचे आकडे मिळतात. पण घरी नेलेलं पुस्तक वाचलंच गेलं असं त्यावरून म्हणता येईल का? संस्थानचे वार्षिक अहवाल वाचून या आकड्यांचा उपयोग कुठवर होतो ते मी मांडणार आहे.’ आता प्रश्न, साधन आणि मर्यादा तिन्ही दिसतात. गोषवारा विषयाचा नसतो, तुमच्या भाषणाचा असतो. नवख्यांचं बहुतेकदा इथेच अडतं.

वेळेचा हिशेबही गोषवाऱ्यातून समितीला कळतो. वीस मिनिटांतली पाच प्रश्नोत्तरांना जातात. मिनिटाला शंभर-एकशेवीस शब्द धरले तर हाती साधारण सोळाशे शब्द उरतात, म्हणजे फार तर तीन मुद्दे. सहा मुद्दे लिहिलेत तर अनुभवी माणूस ‘हे आटोपणार नाही’ असं लगेच ओळखतो.

परिचय तृतीयपुरुषी लिहावा. तिने शाळेतली बक्षिसं आणि कथ्थकच्या परीक्षासुद्धा घातल्या होत्या. मी त्या खोडल्यावर ती म्हणाली, “ताई, मग उरलं काय?” “अगं, तू मराठी-गुजराती दोन्ही वाचतेस, वर्षभर ते अहवाल चाळते आहेस. ते लिही ना!” याआधी कुठे बोलला नसाल तर त्याचा उल्लेखच नको, या विषयाशी तुमचा संबंध काय, तेवढं सांगा.

काही परिषदांत नावं झाकून निवड होते. तिथे गोषवाऱ्यात ‘माझ्या मागच्या लेखात’ असं लिहू नका, आणि फाइलच्या नावातही स्वतःचं नाव ठेवू नका. एरवी मात्र फाइलला आडनाव आणि विषय द्या, नाहीतर संयोजकांकडे ‘गोषवारा’ नावाच्या ढीगभर फाइली जमतात.

निवड झाली की हाच मजकूर बहुतेक ठिकाणी कार्यक्रमपत्रिकेत जसाच्या तसा छापतात आणि लोक तो वाचून सभागृहात येतात. म्हणून अजून हाती न आलेला निष्कर्ष त्यात लिहू नका. काम चालू असेल तर ‘आतापर्यंत पाहिलेल्या अहवालांवरून’ असं स्पष्ट लिहा.