मोमोची पारी फाटू नये, वाळू नये म्हणून

करंज्या आणि तळणीचे मोदक करून हात तयार झालेल्या माणसाचे पहिले मोमो हमखास फाटतात. माझे फाटले होते. कारण सवय! मैदा घेतला की आपण नकळत त्यात मोहन घालतो आणि पीठ घट्ट भिजवतो. तुपाच्या मोहनाने पारी खुसखुशीत होते, तळणीला तेच हवं असतं. मोमोला नेमकं उलटं हवं. त्याची पारी ताणली जायला हवी, आणि मोहन घातलेलं पीठ ताणलं की तुटतं. म्हणून मोहन नको. मळून झाल्यावर वरून चमचाभर तेलाचा हात फिरवलात तर हरकत नाही.

पाव किलो मैद्याला अर्धा चमचा मीठ आणि साधारण १२५ मिली साधं पाणी लागतं. पाणी एकदम ओतू नका. शेवटचे दोन-तीन चमचे हाताशी ठेवा, कारण प्रत्येक मैदा सारखं पाणी पीत नाही. गोळा पुरीच्या पिठापेक्षा मऊ आणि पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट असावा.

आता तळहाताच्या टाचेने ढकलत, दुमडत आठ-दहा मिनिटं मळा. सुरुवातीला गोळा खडबडीत दिसतो आणि ओढला की तुटतो. मळताना मैद्यातल्या चिकाचे धागे जुळतात, मग तो गुळगुळीत होतो. बोटाने दाबल्यावर खळगा हळूहळू वर आला की थांबा. गोळा घट्ट पिळलेल्या ओल्या सुती फडक्यात गुंडाळून वर भांडं पालथं घाला आणि अर्धा तास विसरा. हा अर्धा तास वाचवायला गेलात तर लाटलेली पारी पोळपाटावर आक्रसते, तुम्ही जोर लावता आणि मध्ये भोक पडतं.

नाशिकचा एप्रिल-मे कोरडा, त्यात डोक्यावर पंखा. उघड्या पिठावर पाच-सात मिनिटांतच पापुद्रा धरतो. मग कळ्या पाडताना कड चिरते आणि तोंड मिटत नाही. पंखा बंद करा, नाहीतर पोळपाट त्याच्या वाऱ्यातून हलवा. सगळ्या पाऱ्या आधी लाटून ठेवायचा मोहही नको. १५ ग्रॅमच्या लाट्या केल्या तर वरच्या प्रमाणात चोवीस-पंचवीस होतात. त्या फडक्याखाली ठेवून एका वेळी चार-पाचच लाटा, भरा, मग पुढच्या घ्या. फडकं ओलं म्हणजे पाणी टपकणारं नव्हे. तसं असेल तर पीठ गिचगिचीत होतं.

लाटताना पारी तीन-साडेतीन इंचांची करा. मध्ये थोडी जाड, कडेला पातळ. कडेला कळ्यांचे थर एकावर एक बसतात, ती जाड राहिली तर वरची शेंडी कच्ची लागते. मध्यावर सारणाचं वजन आणि ओल, तिथे पातळपणा चालत नाही. पोळपाटावर पिठी अगदी चिमूटभर घ्या, जास्त झाली की कडा चिकटत नाहीत.

सारणाचं पाणी हे फाटण्याचं दुसरं कारण. कोबी-गाजर बारीक चिरून, मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि मुठीत घट्ट पिळा. त्याच मिठाचा हिशेब धरून बाकीची चव लावा. परतलेलं सारण पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका, गरम वाफेने पारी ओलसर होऊन बसते.

पारी डाव्या हातात घेऊन मध्ये एक चमचा सारण ठेवा. उजवा अंगठा आतून जागेवरच राहतो, तर्जनीने कड थोडी पुढे ओढून अंगठ्यापाशी चिमटायची. मोदकाच्या कळ्या पाडणाऱ्याला हे लगेच जमेल. डाव्या अंगठ्याने सारण आत दाबत राहा. दहा-बारा कळ्या झाल्या की तोंड एकत्र पिळून मिटा, वर जास्तीचं पीठ उरलं तर खुडून टाका. कड वाळून चिकटत नसेल तर बोटाच्या टोकाने पाण्याची एक रेघ फिरवा. पाणी सगळीकडे लावलं तर ती निसरडी होते. एखादी पारी फाटलीच तर ठिगळ लावू नका. सारण काढून, पारी पुसून गोळा करा आणि फडक्याखाली पंधरा मिनिटं टाका. लगेच लाटलीत तर पुन्हा फाटेल.

भरलेले मोमोही फडक्याखालीच ठेवा. मोदकपात्रातलं पाणी खळखळ उकळल्यावर, चाळणीला तेल लावून, एकमेकांना न चिकटता मांडा. झाकणाला कोरडं फडकं बांधा, म्हणजे वाफेचे थेंब मोमोवर पडणार नाहीत. दहा-बारा मिनिटांत पारी चकचकीत दिसते आणि ओल्या बोटाला चिकटत नाही. गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा, मग उचला. एवढं सगळं करूनही तळ फाटतो तो बहुतेक घाईने उचलताना.