इनपेंट केल्यावर पॅचची कड दिसतेय? मास्क फेदरच्या या चुका टाळा

इनपेंट करून, म्हणजे नको असलेल्या भागावर मास्क रंगवून तिथे एआय मॉडेलकडून नवीन चित्र भरून घेऊन, फोटोतून एखादी वस्तू काढली, मॉडेलने मागचं आकाश मस्त भरलं, आणि मग झूम केलं तर तिथे अंधुकशी कड. असं झालं की बहुतेक जण पहिली गोष्ट काय करतात तर मास्कची कड मऊ करणारा, म्हणजेच फेदर देणारा, ब्लरचा स्लायडर वाढवतात. ४ होता तो १६, मग ३२, आणि कड जाते पण तिच्या जागी धुरकट पट्टा येतो. मी पण बरेच दिवस हेच करत होतो. नंतर कळलं की कड दिसण्याची कारणं निरनिराळी असतात आणि ब्लर त्यातल्या एकाच कारणावर चालतो, तोसुद्धा मास्कचा आकार बरोबर असेल तरच.

एक फोटो घेऊनच सांगतो म्हणजे नीट कळेल. ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो, माणसाच्या मागे साधारण ६० पिक्सेल रुंदीचा खांब, खांबाचा वरचा अर्धा भाग संध्याकाळच्या आकाशावर आणि खालचा अर्धा विटांच्या भिंतीवर. खांब काढायचाय. हा फोटो मला फार आवडतो कारण यात दोन्ही प्रकारचा त्रास एकदम येतो.

मास्क वस्तूला अगदी चिकटून काढणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. आपण काळजीपूर्वक खांबाच्या कडेकडेने मास्क रंगवतो आणि वाटतं किती छान नेमका मास्क झाला, पण ब्लर लावला की ती कड फक्त बाहेर पसरत नाही, ती आत पण पसरते. गॉशियन ब्लरमध्ये मूळ कडेवर मास्कची किंमत बरोबर ५० टक्के होते. म्हणजे खांबाच्या कडेच्या जागी निम्मं नवीन आकाश आणि निम्मा जुना खांब! मग खांब गेला तरी त्याची भुतासारखी रेघ दोन्ही बाजूंना उरते, आणि ब्लर जेवढा वाढवाल तेवढी ती रेघ रुंद होत जाते.

ओळखायचं कसं? उरलेल्या कडेचा रंग बघा. तो काढलेल्या वस्तूच्या रंगाकडे झुकत असेल, म्हणजे खांब करडा होता आणि रेघ पण करडी आहे, तर मास्क तोकडा पडलाय, ब्लरचा काही दोष नाही.

उपाय साधा आहे, आधी मास्क वाढवा आणि मग ब्लर करा. किती वाढवायचा याचा हिशोब ब्लरच्या आकड्यावरून निघतो. ब्लर १२ असेल तर कडेपासून १२ पिक्सेल आत गेल्यावर मास्क साधारण ८४ टक्के भरतो आणि २४ पिक्सेल आत गेल्यावर जवळजवळ ९८ टक्के, म्हणून मास्क ब्लरच्या दुप्पट वाढवला की वस्तूच्या कडेवर जुनं जवळजवळ काही शिल्लक राहत नाही. ब्लर १२ तर वाढ २४, ब्लर ४ तर वाढ ८. आणि हो, सावली आणि वस्तूभोवतीची उजेडाची झाक पण वस्तूतच धरायची, नाहीतर खांब नाही पण त्याची सावली आहे असा फोटो होतो.

बनवायला आणि जोडायला एकच मास्क वापरणं

ही चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कारण मास्क वाढवूनसुद्धा कड राहते तेव्हा बरेचदा हेच कारण असतं.

मास्क दोन कामं करतो. एक, मॉडेलला सांगतो की एवढ्या भागात नवीन चित्र काढ. दोन, तयार झालेलं चित्र मूळ फोटोवर चिकटवताना कुठे किती मिसळायचं ते ठरवतो. आपण दोन्हीसाठी एकच ब्लर केलेला मास्क देतो. आता बघा, मॉडेल आत लॅटेंटमध्ये, म्हणजे फोटोच्या लहान केलेल्या आतल्या रूपात, काम करतं, जिथे स्टेबल डिफ्युजनसारख्या मॉडेलमध्ये ८ बाय ८ पिक्सेलचा एक ठोकळा होतो, आणि बऱ्याच ठिकाणी तुमचा मऊ मास्क तिथे पोचेपर्यंत राउंड होऊन सरळ हो किंवा नाही असा झालेला असतो. म्हणजे नवीन चित्र मास्कच्या ५० टक्केच्या रेषेवर संपतं. त्या रेषेच्या बाहेर जो मऊ भाग आहे तिथे मॉडेलने काही नवीन काढलेलंच नसतं, तिथे जुनं आकाश जुन्याच आकाशात मिसळलं जातं. त्यामुळे फेदर दिसायला दोन्ही बाजूंना असला तरी खरं मिसळणं फक्त आतल्या अर्ध्यात होतं आणि रेषेवर नव्या-जुन्यात जो टोनचा फरक होता त्यातला निम्मा तसाच राहतो. आकाशासारख्या सपाट भागात तेवढा फरक डोळ्याला लगेच लागतो.

म्हणून दोन मास्क ठेवा. बनवायचा मास्क मोठा आणि टणक, जोडायचा मास्क लहान आणि मऊ, म्हणजे फेदरचा सगळा पट्टा जिथे खरोखर नवीन चित्र आहे तिथेच पडतो. मी वापरतो ते प्रमाण असं: ब्लर जेवढा, त्याच्या दुप्पट वाढवून जोडायचा मास्क आणि चौपट वाढवून बनवायचा मास्क. आपल्या खांबासाठी आकाशात ब्लर १२ धरला तर जोडायचा मास्क २४ पिक्सेलने वाढवलेला, बनवायचा ४८ ने.

मास्क फाइलमध्ये असेल तर पायथनमध्ये पिलो वापरून हे चार ओळींत होतं:

```python
from PIL import Image, ImageFilter
m = Image.open("mask.png").convert("L")
gen = m.filter(ImageFilter.MaxFilter(97))
mix = m.filter(ImageFilter.MaxFilter(49)).filter(ImageFilter.GaussianBlur(12))
```

`MaxFilter` चा आकडा विषम लागतो, ४९ म्हणजे प्रत्येक बाजूला २४ पिक्सेल वाढ, ९७ म्हणजे ४८. मग `gen` देऊन इनपेंट करायचं आणि निकाल आला की `Image.composite(new, old, mix)`, दोन्ही फोटो एकाच मापाचे हवेत एवढंच. कोड नको असेल तर निकाल कुठल्याही एडिटरमध्ये मूळ फोटोवर लेयर म्हणून ठेवा आणि लेयर मास्कला फेदर द्या, तेच होतं, उलट लेयरमध्ये फेदर नंतर कितीही वेळा बदलता येतो आणि प्रत्येक वेळी परत जनरेट करत बसावं लागत नाही.

सगळीकडे एकच ब्लर

ब्लर १२ आकाशात मस्त बसला, तोच भिंतीवर लावला आणि विटांच्या मधल्या रेघा जोडाच्या पट्ट्यात दुहेरी दिसायला लागल्या. हे होणारच, कारण मॉडेलने काढलेली रेघ मूळ रेघेपेक्षा दोन-तीन पिक्सेल वरखाली असते आणि रुंद फेदरमध्ये दोन्ही रेघा अर्ध्या अर्ध्या दिसतात. आकाश, धुकं, आउट ऑफ फोकस बॅकग्राउंड अशा ठिकाणी रुंद फेदर चालतो. वीट, कापड, गवत, केस, जिथे बारीक डिटेल आहे तिथे फेदर अरुंद हवा, २ ते ४, आणि जोड मोकळ्या जागेतून न नेता आधीच असलेल्या रेघेवरून न्यायचा. मी भिंतीच्या भागात मास्कची कड विटांच्या मधल्या सिमेंटच्या रेघेवरून नागमोडी नेली, ब्लर ३ ठेवला, आणि जोड कुठे आहे ते मलाच शोधायला लागलं.

म्हणून असा खांब एका फटक्यात काढू नका. आकाश वेगळं, भिंत वेगळी. भिंतीच्या वेळी अजून एक करा, AUTOMATIC1111 या स्टेबल डिफ्युजनच्या इंटरफेसमध्ये `Only masked`, म्हणजे फक्त मास्कभोवतीचा तुकडा मॉडेलला देणारा पर्याय, वापरत असाल तर `Only masked padding, pixels` ३२ वर असतो तो १२८ च्या आसपास न्या, कारण ३२ पिक्सेलमध्ये मॉडेलला धड एक वीट पण दिसत नाही मग ओळी जुळणार कशा, आणि ओळी जुळल्या नाहीत तर कुठलाही फेदर त्या जुळवत नाही.

याच जागी अजून एक गोंधळ होतो. `Only masked` मध्ये `Mask blur` चा आकडा मूळ फोटोच्या पिक्सेलमध्ये मोजला जातो. तिथला डीफॉल्ट ४ हा ५१२ च्या चित्रात ठीक आहे पण ४००० च्या फोटोत तो जवळपास टणक कडच. कुणी सांगितलेला आकडा घेताना त्याचा फोटो केवढा होता ते आधी विचारा.

टोन आणि ग्रेनचा फरक ब्लरने झाकायला जाणं

पॅच थोडा उजळ किंवा थोडा निळसर आहे, असं असेल तर फेदर वाढवून तो जात नाही, फक्त त्याची कड मऊ होते आणि आकाशात उजळ डाग राहतो. आधी पॅचच्या लेयरवर कर्व्ह्ज लावून रंग जुळवा, फेदर नंतर. डोळ्याला फरक कळत नसेल तर सगळ्यात वर एक तात्पुरता कर्व्ह्ज लेयर टाकून कॉन्ट्रास्ट अगदी टोकाला न्या, आकाशातला पॅच लगेच उठून दिसेल, तो जुळवला की लेयर काढून टाका.

ग्रेनचंही तसंच. कमी उजेडातल्या फोटोत नॉइज, म्हणजे बारीक दाणेदारपणा, असतो आणि मॉडेलचा पॅच गुळगुळीत येतो. पॅचवर तेवढाच नॉइज टाका आणि मग जोडा. यात एक बारीक गोष्ट आहे, दोन वेगवेगळे नॉइज अर्धे अर्धे मिसळले की नॉइज साधारण ७० टक्के उरतो, म्हणून रुंद फेदरच्या मधोमध एक जरा मऊ पट्टा दिसू शकतो. शंभर टक्के झूमला तो पट्टा दिसला तर फेदर थोडा कमी करा किंवा फक्त त्या पट्ट्यावर हलका नॉइज परत द्या.

कॉम्फीयूआयमधला एक सापळा

कॉम्फीयूआय म्हणजे नोड एकमेकांना जोडून अशी मॉडेल चालवायचं अॅप, तिथे `FeatherMask` नावाचा नोड आहे आणि नाव बघून सगळे तोच जोडतात. पण तो तुमच्या आकाराच्या कडा मऊ करत नाही, तो मास्कच्या अख्ख्या चौकटीच्या डाव्या, वरच्या, उजव्या, खालच्या बाजूने मऊ करतो. मास्क फोटोच्या मधोमध असेल तर काहीच बदलत नाही आणि माणूस आकडे वाढवत बसतो. आकार वाढवायला `GrowMask`, मग त्यावर ब्लर, आणि शेवटी `ImageCompositeMasked` ने मूळ फोटोवर चिकटवणं, हे शेवटचं विसरू नका. ते नसेल तर व्हीएईमधून, म्हणजे फोटोचं लॅटेंट करून परत फोटो बनवणाऱ्या भागातून, गेलेला अख्खा फोटो बाहेर येतो, मास्कबाहेरचे पिक्सेल पण किंचित बदललेले असतात, आणि त्यावरच परत परत इनपेंट केलं की पाचव्या फेरीपर्यंत चेहऱ्याचा बारीक पोत गेलेला असतो. खांबाच्या फोटोत माणूस अगदी शेजारी उभा होता, म्हणून आकाश आणि भिंत दोन्ही फेऱ्यांचे निकाल मी मूळ फोटोवरच वेगवेगळे लेयर म्हणून ठेवले आणि माणसाच्या एकाही पिक्सेलला हात लागला नाही.