थ्रीडी प्रिंटर जोडताना या चुका टाळा: आधी गुण्या, मग स्विच

स्वस्तातला थ्रीडी प्रिंटर बहुधा अर्धवट जोडलेला येतो: वस्तू ज्यावर छापली जाते त्या बेडसकट तळाची चौकट तयार, दोन उभे खांब वेगळे. हे खांब खालून स्क्रूने बसतात आणि सर्वात महागात पडणारी चूक इथेच होते. पहिला स्क्रू सापडला की लोक तो शेवटपर्यंत आवळून टाकतात. भोकांत थोडी ढिलाई असतेच, त्यामुळे तो स्क्रू ओढेल तिकडे खांब कलतो.

खांब 400 मिमी उंच आणि वरच्या टोकाला 2 मिमी कललेला असेल, तर 100 मिमी उंचीचा ठोकळा अर्धा मिमी तिरका छापला जातो. बेड लेव्हल करून हे जात नाही. लेव्हलिंग फक्त नोझल आणि बेडमधलं अंतर सांभाळतं, म्हणून पहिला थर सुरेख बसतो आणि दोष लपून राहतो.

त्यापेक्षा सगळे स्क्रू आधी बोटांनीच लावा, वरची आडवी पट्टीसुद्धा. प्रिंटर जाड काचेसारख्या सपाट जागी ठेवा. खांब आणि तळ यांच्या कोनात गुण्या धरा, समोरून आणि बाजूनेही, आणि मागून उजेड पाडा. फट लगेच दिसते. मग प्रत्येक स्क्रू थोडा थोडा, आलटून पालटून आवळा. शेवटी तळ, खांब आणि वरची पट्टी मिळून झालेल्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर सगळं सैल करून पुन्हा. तरीही एक खांब हट्ट सोडत नसेल, तर त्याच्या पायाखाली फॉइलची घडी सरकवा.

कारखान्यात जोडून आलेल्या भागांवरही विश्वास नको. बेड हाताने हलवून पाहा. डुगडुगत असेल तर बेडखालच्या चाकाजवळचा एक्सेंट्रिक नट, म्हणजे फिरवला की चाक रुळाच्या जवळ किंवा लांब नेणारा नट, थोडा फिरवा. बेड धरून ठेवला असताना चाक बोटाने किंचित अडत फिरलं की पुरे. त्याहून घट्ट केलंत तर चाक झिजतं. मोटरच्या पुलीचा बारीक स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवरच हवा. तो सैल असला की छपाई मध्येच बाजूला सरकते, आणि दोष उगाच बेल्टवर जातो.

वायरिंगला हात लावण्याआधी प्लग काढा. पॉवर सप्लायवर 115/230 चा स्विच असेल तर तो आपल्या विजेशी जुळवा, पण त्याचं झाकण उघडू नका. बोर्डाचं झाकण मात्र उघडा आणि टर्मिनलमधली प्रत्येक तार हलकेच ओढून बघा. बेडच्या जाड तारांकडे जास्त लक्ष द्या. त्यांच्या टोकांना सोल्डर लावलेलं असेल तर दाबाखाली ते हळूहळू दबतं, पकड सुटते आणि जोड तापतो. टर्मिनलचं प्लास्टिक तपकिरी पडणं ही त्याची खूण. सोल्डरचा भाग कापून तिथे फेरूल, म्हणजे तारेच्या टोकावर चढवायची धातूची बारीक नळी, दाबून बसवा.

मग बेड सावकाश दोन्ही टोकांना नेऊन बघा, तार कुठे ताणली जात नाही ना.